भाषेच्या वर्गात करारही शिकवा

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10,000 जण पाठवायचे ठरले. त्यात नर्स, वृद्धांची काळजी घेणारे, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक, हॉटेलातले कर्मचारी असे कितीतरी व्यवसाय आहेत. नाशिकला हे राज्य तसे परके नाही. सातपूरच्या ज्या कारखान्याला गावात अजूनही ‘मायको’च म्हणतात, त्या बॉशचे मुख्यालय श्टुटगार्टजवळ, म्हणजे याच राज्यात आहे. त्यामुळे जर्मनी म्हटले की इथल्या घरांत विश्वास आधीच असतो.

या योजनेतला भाषेचा भाग सगळ्यांना समजतो. ए-वन, ए-टू, बी-वन या पायऱ्या आता आयटीआयच्या मुलांच्या तोंडी आहेत. पण हातात येणारा नोकरीचा करार कसा वाचायचा, हे कोणी शिकवत नाही. मुलगा विमानात बसतो तेव्हा त्याला पगाराचा आकडा आणि गावाचे नाव माहीत असते. पहिल्या सहा महिन्यांत मालक त्याला किती दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतो, हे विचारले तर उत्तर येते, “तिकडे कायदे कडक आहेत, असे काढत नाहीत.” कायदे कडक आहेतच, पण ते नेमके कोणाला आणि कधीपासून लागू होतात, हे ठाऊक नसले तर त्या कडकपणाचा उपयोग होत नाही. म्हणून हे मुद्दे.

मुद्दा 1. सहा महिन्यांच्या मुदती दोन आहेत आणि त्यांची गल्लत होते

जर्मन करारात बहुधा सहा महिन्यांचे प्रोबेशन लिहिलेले असते. कायद्याने त्याहून जास्त ठेवता येत नाही. या काळात नोटीस फक्त दोन आठवड्यांची. ती महिन्याच्या कोणत्याही दिवशी देता येते आणि कारण सांगावे लागत नाही. हाच नियम कामगारालाही आहे, तोही दोन आठवड्यांत मोकळा होऊ शकतो. प्रोबेशन संपले की नोटीस चार आठवड्यांची होते आणि नोकरी 15 तारखेला किंवा महिनाअखेरीलाच संपते. मालकाकडून मिळणारी नोटीस पुढे नोकरीच्या वर्षांबरोबर वाढत जाते. दोन वर्षांनंतर ती एक महिन्याची होते, पाच वर्षांनंतर दोन महिन्यांची आणि वीस वर्षांनंतर सात महिन्यांची.

इथपर्यंतचा भाग सातपूर-अंबडच्या कामगाराला सहज कळतो. आपल्याकडेही प्रोबेशन असते, कन्फर्मेशन लेटर असते. चूक होते ती पुढे. प्रोबेशन फक्त नोटिशीची लांबी ठरवते. ‘योग्य कारणाशिवाय काढता येणार नाही’ हे जे खरे संरक्षण, ते नोकरीवरून काढण्यापासून संरक्षण देणाऱ्या वेगळ्या कायद्यातून येते, आणि त्या कायद्याची स्वतःची सहा महिन्यांची मुदत आहे. दोन्ही मुदती बहुतेक वेळा एकाच दिवशी संपतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण करारात प्रोबेशन तीन महिन्यांचेच लिहिले असेल, किंवा अजिबात नसेल, तरी कारण देण्याची सक्ती मालकावर सहा महिन्यांनंतरच येते. चौथ्या महिन्यात त्याने काढले तर चार आठवड्यांची नोटीस द्यावी लागेल, एवढाच फरक. “माझे प्रोबेशन संपले, आता मी पक्का” असे म्हणून चौथ्या महिन्यात कर्ज काढून गाडी घेणारा मुलगा या फटीत सापडतो.

आपल्याकडच्या कामगार चळवळीने 240 दिवसांचा आकडा घराघरांत पोहोचवला. ठेकेदार ‘ब्रेक’ का देतो, हे सातपूरच्या चहाच्या टपरीवरही कळते. जर्मनीला निघालेल्यांच्या बाबतीत तसा घरोघरी पोहोचायला हवा असा आकडा म्हणजे हे सहा महिने.

आणखी एक अट आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. हे संरक्षण दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेतच मिळते. मोजताना अर्धवेळ कामगार अर्धा किंवा पाऊण धरतात आणि शिकाऊ मुले धरतच नाहीत. कारखान्यात किंवा मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्याला याची फिकीर नको. पण इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी, सुतार यांना बोलावणारे मालक अनेकदा छोटे असतात. एक उस्ताद, सहा-सात कारागीर आणि दोन शिकाऊ मुले, असा तो पसारा. अशा ठिकाणी तीन वर्षे झाली तरी साधारण संरक्षण लागू होत नाही. नोटिशीची मुदत मिळते, पण ‘का काढले’ हे विचारण्याचा हक्क फार तोकडा राहतो. म्हणून मुलाखतीतच विचारावे की तुमच्याकडे किती माणसे कामाला आहेत. हा प्रश्न उद्धट नाही, जर्मन मालकाला तो साधाच वाटतो.

मुद्दा 2. तारखा कशा मोजायच्या ते एका उदाहरणावरून पाहू

समजा, त्र्यंबक रोडच्या शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला एक मुलगा 1 सप्टेंबर 2025 ला श्टुटगार्टच्या परिसरातल्या एका कंपनीत रुजू झाला. कंपनीत चाळीस माणसे. करार बेमुदत, प्रोबेशन सहा महिन्यांचे. म्हणजे ते 28 फेब्रुवारी 2026 ला संपणार.

शुक्रवारी, 27 फेब्रुवारीला, साहेबांनी त्याला बोलावून पाकीट हातात दिले. आत नोटीस होती, शेवटचा दिवस 13 मार्च. मुलगा म्हणतो, “13 मार्चला तर प्रोबेशन संपलेले असेल, मग ही नोटीस कशी चालेल?” चालते. नोटीस हातात कधी पडली, तो दिवस मोजायचा. नोकरी कधी संपते, तो नाही. तेच पाकीट सोमवारी, 2 मार्चला मिळाले असते तर चित्र वेगळे झाले असते. चार आठवड्यांची मुदत 30 मार्चला पुरी होते, म्हणून नोकरी 31 मार्चपर्यंत चालली असती. शिवाय कंपनीत दहापेक्षा जास्त माणसे असल्यामुळे मालकाला कारण दाखवावे लागले असते. मधल्या शनिवार-रविवारची किंमत एवढी. सहावा महिना संपता संपता नोटीस देण्याची पद्धत तिकडे का आहे, हे यावरून कळावे. पाकीट हातात घ्यायला नकार देऊनही उपयोग नाही. घराच्या टपालपेटीत ते नेहमीच्या टपालाच्या वेळेपर्यंत टाकले की त्याच दिवशी मिळाले असे धरतात.

आता 27 तारखेपासून या मुलाने काय करायचे? पहिले काम, पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहायची आणि फोटो काढायचा. दुसरे काम तीन दिवसांच्या आत, रोजगार कार्यालयात ‘काम शोधतो आहे’ अशी नोंद करायची. तिसरे काम परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवणे, आणि त्याला कायद्याने दोन आठवडे आहेत. मालकही स्वतंत्रपणे चार आठवड्यांत कळवणारच असतो, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. चौथे काम सगळ्यात महत्त्वाचे. नोटीस चुकीची वाटत असेल तर ती मिळाल्यापासून तीन आठवड्यांत श्रम न्यायालयात दावा दाखल करायचा. या उदाहरणात 20 मार्चपर्यंत. ही मुदत चुकली की बेकायदा नोटीसही कायदेशीर ठरते. तीन आठवडे ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्यातला पहिला आठवडा घरी काय सांगायचे या विचारातच जातो.

या न्यायालयाची भीती बाळगायचे कारण नाही. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही. न्यायालयाच्या कार्यालयात एक खिडकी असते, तिथला कर्मचारी तुमचे म्हणणे ऐकून दावा लिहून घेतो. पहिली तारीख तडजोडीची असते. हरलो तर समोरच्याच्या वकिलाचे पैसेही पहिल्या पायरीवर आपल्या डोक्यावर येत नाहीत. उलट बाजूही लक्षात ठेवावी, जिंकलो तरी आपल्या वकिलाचे पैसे आपणच द्यायचे.

पण या मुलाकडे दावा करण्यासारखे काही आहे का? प्रोबेशनच्या आतली नोटीस, कारण लागत नाही. मग काय पाहायचे? त्यासाठी पुढचा मुद्दा.

मुद्दा 3. पहिल्या दिवसापासून लागू होणारी संरक्षणे थोडी आहेत, पण पक्की आहेत

नोटीस कागदावरच हवी आणि तिच्यावर शाईची सही हवी. व्हॉट्सॲपवर ‘उद्यापासून येऊ नको’, ईमेल, स्कॅन केलेले पत्र, यातल्या कशानेही नोकरी संपत नाही. हे प्रोबेशनलाही लागू आहे. आपल्याकडे सुपरवायझरने गेटवर अडवले की माणूस घरी बसतो. तिथे घरी बसायचे नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे किंवा ‘मी कामाला तयार आहे’ असे लेखी कळवायचे, नाहीतर तुम्हीच काम सोडले असा अर्थ काढायला मालकाला वाव मिळतो.

कंपनीत कामगारांनी निवडून दिलेली कामगार समिती असेल तर प्रत्येक नोटिशीआधी तिला विचारावे लागते, प्रोबेशनमधल्या नोटिशीआधीसुद्धा. समितीने नाही म्हटले तरी मालक नोटीस देऊ शकतो, पण विचारलेच नसेल तर नोटीस रद्द होते. आपल्या उदाहरणातल्या मुलाने पहिल्यांदा हेच तपासायचे. समितीच्या कार्यालयात जाऊन विचारायचे, माझे प्रकरण तुमच्यापुढे आले होते का? ही समिती म्हणजे आपल्या युनियनसारखी बाहेरची संघटना नाही, ती त्या कारखान्यातल्याच माणसांची असते. तिच्याशी बोलणे म्हणजे मालकाविरुद्ध उभे राहणे, अशी आपल्याकडची धास्ती तिथे बाळगू नये.

गरोदर स्त्रीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. नोटीस मिळाल्यानंतर दोन आठवड्यांत गरोदरपण कळवले तरी ते लागू होते, आणि बाळंतपणानंतर किमान चार महिने टिकते. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींना हे माहीत हवे, कारण ‘प्रोबेशनमध्ये दिवस गेले तर परत पाठवतात’ अशी समजूत त्यांच्यात पसरलेली असते. मुदतीचा करार मात्र आपल्या तारखेला संपतोच, गरोदरपणामुळे तो लांबत नाही.

आजारपणाचे थोडे निराळे आहे. आजारी पडलो तर मालक सहा आठवडे पूर्ण पगार देतो, पण नोकरीचे पहिले चार आठवडे उलटल्यावरच. त्याआधी आजारी पडले तर आरोग्य विमा कंपनीकडून पगारापेक्षा कमी रक्कम मिळते. रजेचेही तसेच. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान 20 दिवस रजा कायद्याने मिळते, पण पूर्ण रजेवर हक्क सहा महिन्यांनी येतो. तोवर दरमहा बारावा हिस्सा. सप्टेंबरात रुजू होऊन दिवाळीला पंधरा दिवस नाशिकला यायचे, हे गणित जुळत नाही. किमान वेतन मात्र पहिल्या तासापासून. 1 जानेवारी 2026 पासून ते ताशी 13.90 युरो आहे आणि प्रोबेशनच्या नावाखाली ते कमी करता येत नाही.

मुद्दा 4. कराराचा प्रकार पगाराइतकाच नीट पाहावा

बेमुदत करार वर आलाच. दुसरा मुदतीचा. विशेष कारण नसेल तर मुदतीचा करार एकूण दोन वर्षांपर्यंतच करता येतो, आणि त्या दोन वर्षांत तो जास्तीत जास्त तीनदा वाढवता येतो. आपल्याकडे अकरा-अकरा महिन्यांचे करार वर्षानुवर्षे चालतात, तसे तिथे विनाकारण चालवता येत नाहीत. मुदतीची अट कामाला लागण्याआधी लेखी झालेली हवी. आधी काम सुरू केले आणि कागद नंतर आला, तर करार बेमुदत समजला जातो. मात्र त्यासाठी मुदत संपल्यापासून तीन आठवड्यांत न्यायालयात जावे लागते.

मुदतीच्या करारात एक ओळ शोधायचीच. मधेच नोटीस देऊन तो संपवता येईल असे लिहिले आहे का? ती ओळ नसेल, आणि उद्योगाच्या सामूहिक करारातही तशी तरतूद नसेल, तर मालक मुदतीआधी साधी नोटीस देऊ शकत नाही. पण तुम्हीही सोडू शकत नाही. चांगला मालक मिळाला तर ही ढाल, वाईट मिळाला तर बेडी. अशा करारातले प्रोबेशन मुदतीच्या प्रमाणात असावे, असा नियम ऑगस्ट 2022 पासून आहे. किती प्रमाण, यावर कज्जे झाले. जर्मनीच्या सर्वोच्च श्रम न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले की ठरावीक टक्केवारी नाही, कामाचे स्वरूप पाहून ठरवायचे. त्या प्रकरणात एका वर्षाच्या करारात चार महिन्यांचे प्रोबेशन योग्य ठरले.

तिसरा प्रकार सध्या नाशिकच्या जाहिरातींत सगळ्यात जास्त दिसतो, तो म्हणजे आउसबिल्डुंग. शिकता शिकता कमवा, अशी ही तीन-साडेतीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी. तिचे नियम नोकरीच्या अगदी उलट आहेत. साधारण व्यवसायांत प्रोबेशन किमान एक आणि जास्तीत जास्त चार महिने, नर्सिंगमध्ये सहा महिने. या काळात दोन्ही बाजूंना कधीही, एका दिवसाचीही नोटीस न देता थांबता येते. नोकरीत निदान दोन आठवडे मिळतात, इथे तेही नाहीत. पण हा काळ ओलांडला की चित्र पालटते. मग मालकाला साधी नोटीस देताच येत नाही, गंभीर कारण असेल तरच काढता येते. कंपनी छोटी असो की मोठी. म्हणजे ज्या छोट्या उस्तादाकडे पक्क्या कारागिराला संरक्षण नाही, त्याच्याकडेच शिकाऊ मुलाला ते भक्कम मिळते. बारावीनंतरच्या मुलाला पहिल्याच वर्षी थेट छोट्या दुकानात नोकरीला पाठवण्यापेक्षा आउसबिल्डुंगला पाठवणे मला या एका कारणासाठी जास्त सुरक्षित वाटते, जरी पहिल्या वर्षाचे पैसे बरेच कमी असले तरी.

चौथा, ठेकेदारामार्फत. दुसऱ्या कंपनीला माणसे पुरवणाऱ्या एजन्सीचा कामगार म्हणून जाणे. ज्या व्हिसाला जर्मन रोजगार कार्यालयाची संमती लागते, त्या व्हिसावर भारतातून अशा कामासाठी जाता येत नाही, संमती नाकारायचीच असा नियम आहे. करारावर एका कंपनीचे नाव आणि ‘कामाचे ठिकाण ग्राहक कंपनीनुसार’ असे काही दिसले तर थांबून चौकशी करावी.

मुद्दा 5. नोटिशीपेक्षा सही जास्त घातक असते

काढायचे असेल तेव्हा अनुभवी मालक नेहमीच नोटीस देत नाही. तो परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा कागद पुढे करतो. “रेकॉर्डवर काढल्याचा डाग राहणार नाही” असे गोड बोलतो. या कागदावर सही झाली की नोटिशीची मुदत गेली, समितीला विचारणे गेले, गरोदरपणाचे संरक्षणही गेले. पुढे बेकारभत्त्याचा हक्क असलाच तर तोही बारा आठवडे अडू शकतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयापुढेही ‘तुम्ही स्वतःच सोडली’ असा अर्थ निघतो. नोटीस मिळाल्याच्या पोचेवर सही करायला हरकत नाही, पण पोच कोणती आणि संमती कोणती हे बी-वनच्या जर्मन भाषेत चटकन कळत नाही. तेव्हा एकच नियम, कोणत्याही कागदावर त्याच दिवशी सही नाही. ‘घरी नेऊन वाचतो’ हे वाक्य वर्गात पाठ करून घ्यावे, रेल्वे स्टेशन कुठे आहे या वाक्याच्या आधी.

दुसरी सही निघण्याआधीची असते. भाषेचा वर्ग, व्हिसा, विमान यांचा खर्च मालकाने केला, तेव्हा अमुक वर्षांत सोडलेत तर इतके युरो परत, असे कलम. असे प्रत्येक कलम बेकायदा नसते. खर्च खरोखर तुमच्या फायद्याच्या प्रशिक्षणावर झाला असेल आणि बांधून ठेवण्याची मुदत त्या प्रशिक्षणाच्या लांबीशी जुळत असेल, तर ते टिकू शकते. पण नोकरी कोणत्याही कारणाने सुटली तरी पैसे द्या, म्हणजे मालकाच्या चुकीमुळे सोडावी लागली तरीही द्या, असे सरसकट कलम तिथली न्यायालये रद्द ठरवतात. एजंटला दिलेले कमिशन तर कामगाराकडून वसूल करताच येत नाही, असे सर्वोच्च श्रम न्यायालयाने जून 2023 मध्ये स्पष्ट केले. हा निकाल मराठीत छापून प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे, कारण या कलमाच्या धाकाने मुले वाईट ठिकाणी टिकून राहतात.

भारतातल्या बाजूलाही मर्यादा आहे. परदेशात माणसे पाठवणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी लागते आणि तो उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कॉलेज रोडवरच्या एखाद्या ‘कन्सल्टन्सी’ने चार-पाच लाख मागितले, तर आधी नोंदणी क्रमांक विचारावा. मिळालेले उत्तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहावे. ‘आम्ही फक्त भाषा शिकवतो’ असे उत्तर आले तर मग नोकरीचे आश्वासन कोण देतो आहे, हेही विचारावे.

मुद्दा 6. पगार थांबणे वेगळे, राहण्याचा हक्क डळमळणे वेगळे

नाशिकमध्ये नोकरी गेली तर माणूस घरी असतो. तिथे नोकरी हीच राहण्याच्या परवान्याची अट असते. परवाना त्याच दिवशी संपत नाही, पण कार्यालय त्याची मुदत कमी करू शकते. सहसा नवी नोकरी शोधायला काही महिने देतात. आउसबिल्डुंग आपल्या दोषाशिवाय तुटली असेल तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत संधी द्यायची, असे कायद्यातच आहे. इथे पुन्हा तो संमतीचा कागद आडवा येतो, कारण दोष कोणाचा हे त्यावरून ठरते.

या काळात हातात काय असते, याचा हिशेब आधी करावा. बेकारभत्त्यासाठी गेल्या अडीच वर्षांत किमान बारा महिने विम्याचा हप्ता भरलेला लागतो. सहाव्या महिन्यात नोकरी गेलेल्याला तो मिळत नाही. आणि घरभाड्याच्या साध्या कराराची नोटीस तीन महिन्यांची असते. म्हणजे नोकरी दोन आठवड्यांत जाऊ शकते, घराचे भाडे मात्र तीन महिने चालू राहते. म्हणून पहिले सहा महिने घरी पाठवायच्या पैशांतून तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला काढावी. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी पहिला हप्ता सहा महिन्यांनी सुरू होईल असे बँकेशी बोलून घ्यावे. पोरगा पोहोचला की लगेच हप्ता, या घाईमुळेच तो चुकीच्या कागदावर सही करतो.

मुद्दा 7. सरकारकडे मागायचे ते नेमके मागू

मालेगावचा दहावी न झालेला मुलगा सौदीला निघाला तर त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते आणि त्या निमित्ताने त्याचा करार ई-मायग्रेटवर निदान कोणाच्या तरी नजरेखालून जातो. ही अट अठरा देशांपुरती आहे, जर्मनी त्यात नाही. म्हणजे शिकलेल्या, राज्य सरकारच्या योजनेतून निघालेल्या मुलाचा करार भारतात कोणीच पाहत नाही. जर्मन बाजू व्हिसा देताना पगार आणि अटी तपासते, पण परतफेडीचे कलम किंवा कंपनीतल्या माणसांची संख्या हे उमेदवाराला समजावून सांगणे तिचे काम नव्हे. ही योजना राज्यात शालेय शिक्षण विभागाकडे दिली गेली. भाषा शिकवायला तो विभाग योग्य असेलही. पण करार हा कामगार विभागाचा विषय आहे आणि त्या विभागाचे नाशिकमध्ये कार्यालय आहे. त्याला या कामातून बाहेर का ठेवायचे?

मागण्या चार आहेत. कराराचा मराठी अनुवाद व्हिसाच्या अर्जाआधी उमेदवाराच्या हातात पडावा, आणि तो पडल्याशिवाय त्याला इथली नोकरी सोडायला सांगू नये. प्रत्येक भाषावर्गात पूर्ण एक दिवस खऱ्या कराराचा नमुना वाचायला द्यावा, त्यात नोटीस, संमतीचा कागद आणि पोच हे तीन कागद शेजारी ठेवून ओळखायला लावावेत. जर्मनीत परदेशी कामगारांना मोफत सल्ला देणारी ‘फेअर इंटिग्रेशन’ची केंद्रे प्रत्येक राज्यात आहेत, बाडेन-वुर्टेंबर्गमधल्या केंद्राचा पत्ता निघतानाच्या कागदपत्रांत असावा, तिथे पोहोचल्यावर शोधायला लावू नये. बाहेरून आणलेल्या कामगाराला या सल्ल्याची माहिती कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत द्यायची, हे 2026 पासून जर्मन मालकांवरही बंधनकारक आहे. मालकाला जे करावे लागते, ते पाठवणाऱ्या सरकारला जड जाऊ नये.

चौथी मागणी हिशेबाची आहे. योजनेचे यश किती जण गेले यावर मोजले जाते, निरोप समारंभाचे फोटो येतात, मंत्री पुष्पगुच्छ देतात. जिल्हा कौशल्य कार्यालयाने दर सहा महिन्यांनी दुसरा आकडा जाहीर करावा. नाशिक जिल्ह्यातून गेलेल्यांपैकी सातव्या महिन्यात किती जण त्याच नोकरीत आहेत, किती जणांना नोटीस मिळाली, किती जणांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि त्यातले कोणत्या एजंटमार्फत गेले होते. मुलांची नावे नकोत, आकडे पुरेत. पुढच्या तुकडीतल्या मुलांनी ते पाहून एजंट निवडावा.